युनिटमागे नऊ किलोमीटर

एलिशा रोहेकर सरांची वही पनवेलात बऱ्याच जणांनी पाहिली होती. सरांनी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मुलांना वीज शिकवली आणि निवृत्त झाल्यावर छोटी विजेवरची गाडी घेतली. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीची नोंद त्या वहीत होती. कुठून कुठे गेलो, किती किलोमीटर झाले, बॅटरीची किती टक्केवारी उतरली, सगळं. चौदा महिन्यांच्या नोंदींवरून त्यांनी एक आकडा काढला होता: एका युनिटला नऊ किलोमीटर. गाडीची बॅटरी चोवीस युनिटांची. म्हणजे एकदा पूर्ण भरली की दोनशे सोळा किलोमीटर.

"कंपनी तीनशे पंधरा म्हणते," ते कुणालाही सांगत. "कंपनीचं ऐकू नका. मोजलेलं ऐका."

हे ते दमयंतीलाही सांगत होते, आणि तिने ते ऐकलं. सुकापूरची दमयंती त्यांची जुनी विद्यार्थिनी. वीजतंत्रीच्या वर्गात तेवीस मुलगे आणि एकटी ती. पुढे ती शाळेच्या बसवर चालक झाली. नऊ वर्षं तिच्या बसला साधा ओरखडा पडला नाही. मग पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबने रक्ताचे नमुने आणण्यासाठी रोजची गाडी हवी अशी जाहिरात दिली. माणगावपर्यंत जायचं, येताना माणगाव, कोलाड, नागोठणे आणि पेण इथल्या केंद्रांवरून नमुन्यांचे डबे उचलायचे आणि दुपारी दोनच्या आत पनवेलात पोचायचं. जाऊन-येऊन एकशे नव्वद किलोमीटर.

ती सरळ सरांकडे आली होती. "सर, तुमच्यासारखीच गाडी घेऊ का? पुरंल का?"

सरांनी वही उघडली. दोनशे सोळातून एकशे नव्वद गेले, उरले सव्वीस. "पुरेल. वर सव्वीस शिल्लक."

"लॅबवाले बोलतात, एसी सगळा वेळ चालू पायजे. डबे थंड राहायला हवेत."

आता इथे खरी गोम होती. सर स्वतः एसी कधी लावत नसत. काचा खाली केल्या की वारा येतो, असं त्यांचं मत. त्यामुळे एसीला किती वीज लागते हे त्यांच्या वहीत कुठेच नव्हतं. "मला माहीत नाही," एवढंच त्यांनी म्हणायला हवं होतं. पण समोर जुनी विद्यार्थिनी बसलेली, हातात पेन, आणि स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको मिरियम चहाचा कप घेऊन बघत उभी.

"एसीला फार तर पाच टक्के धर," सर म्हणाले, आणि वहीत तेही लिहून टाकलं. मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत हा न मोजलेला आकडा जाऊन बसला, तो तसाच दिसू लागला.

दमयंतीने बसची पक्की नोकरी सोडली आणि गाडी घेतली. लॅबचा कल्पेश शहा तिला म्हणाला, "तीन दिवस चालवून दाखवा. नीट झालं तर काम तुमचं, नाहीतर डिझेलची व्हॅन तयार आहे."

पहिल्या दिवशी सर हौसेने बरोबर गेले. आपला हिशेब रस्त्यावर खरा ठरताना त्यांना बघायचा होता.

मे महिन्यातला बुधवार. सकाळी सातला कर्नाळ्याची वळणं ओलांडली तेव्हाच काच तापली होती. मीटर सुरुवातीला म्हणत होता, दोनशे चौदा किलोमीटर जाईन. सर खूश झाले. मीटरचा हा अंदाज कुठून येतो हे मात्र त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही. गाडी आदल्या दिवसांच्या चालीवरून पुढचा अंदाज बांधते. आणि आदले चार दिवस दमयंतीला शिकवायला म्हणून सरांनीच ती सुकापूरच्या गल्ल्यांतून तीसच्या वेगाने फिरवली होती, एसी बंद ठेवून.

पेणनंतर रस्ता मोकळा मिळाला. दमयंतीने वेग पंच्याऐंशी-नव्वदवर नेला. वेळेचा प्रश्न होता, आणि मागून ट्रेलर भोंगे मारत होते. एसी बावीसवर. पेणपासून बत्तीस किलोमीटर झाले तर मीटरचे साठ उतरले होते.

"सर, गाडी जास्तीच खातेय."

"सुरुवातीला असं होतं. मग स्थिर होतं."

असं काही होत नसतं. सरांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी पुढचे काही किलोमीटर खिडकीबाहेर पाहण्यात घालवले.

कोलाडला केंद्रावर रिकामा डबा आणि बर्फाच्या पिशव्या उतरवायच्या होत्या. पंच्याहत्तर किलोमीटर झाले होते आणि बॅटरी उरली होती बावन्न टक्के. सरांनी मनात गणित केलं. मनात न करणं त्यांना जमलंच नसतं. अठ्ठेचाळीस टक्क्यांत पंच्याहत्तर, म्हणजे शंभर टक्क्यांत एकशे छप्पन्न. युनिटमागे साडेसहा. घरापासून चौतीस किलोमीटर अलीकडे गाडी संपणार.

उत्तर समोर होतं.

रस्त्यापलीकडे एका हॉटेलच्या आवारात जलद चार्जर होता, आणि तो रिकामा होता.

"सर, अर्धा तास लावू का?" दमयंती म्हणाली. "मला काय ह्याचं लक्षण ठीक वाटत नाय."

तिला गणित न करता कळलं होतं. सरांना करून कळलं होतं. पण हो म्हणायचं म्हणजे वहीतला आकडा चुकला म्हणायचं, आणि तो आकडा ऐकून ह्या मुलीने नऊ वर्षांची नोकरी सोडलेली.

"पहिल्याच दिवशी उशीर नको," ते म्हणाले. "परतीला वारा मागून असेल. बघू येताना."

वारा मागून असेल! एकतीस वर्षं मुलांना 'पुरावा दाखव' म्हणणाऱ्या माणसाचं हे वाक्य. दमयंतीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मान डोलावली आणि गाडी सुरू केली. सर सांगतायत ना, मग झालं.

माणगावला नमुने काढून होईपर्यंत थांबून डबा घेतला. दमयंतीने केंद्राच्या भिंतीवरच्या जाड पिनेच्या सॉकेटला चार्जर लावून पाहिला. लाल दिवा लागला. सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, आणि अर्थिंग नसलं की गाडी वीज घेत नाही. घ्यायलाही नको.

परत कोलाडला आले तेव्हा सव्वीस टक्के उरले होते. केंद्रावरून दुसरा डबा घेतला. हॉटेलातल्या चार्जरला आता एक मोठी गाडी लावलेली होती आणि तिच्यामागे दुसरी थांबली होती. पहिल्या गाडीचा मालक आत थाळी जेवत होता.

"आमचं सव्वा तास," तो म्हणाला. "मग ह्यांचं."

दमयंती परत येऊन चाकामागे बसली. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"पेणला एक चार्जर आहे," सर म्हणाले.

"त्रेचाळीस किलोमीटर हाय पेण. ह्या चालीनं पोचत नाय आपण."

"हळू गेलो तर पोचू. पंचेचाळीसवर." मग आवाज खाली गेला. "आणि एसी बंद करावा लागेल."

"सर, मागं डबे हायत."

"माहीत आहे."

"एसी बंद करायचा नाय, ही त्यांची पयली अट हाय."

"गाडी रस्त्यात उभी राहिली तर एसी तसाही बंदच, दमयंती."

हे खरं होतं. आणि खरं असूनही इतकं लाजिरवाणं वाक्य आपण आयुष्यात बोललो नाही, असं सरांना वाटलं.

एसी बंद झाला. काचा थोड्या खाली केल्या तर आत भट्टीचा झोत. ट्रक ओव्हरटेक करून जात होते. एका टेम्पोवाल्याने बाजूला येऊन विचारलं, "काय ताई, वरात हाय काय?" दमयंती सरळ पुढे बघत चालवत राहिली. नागोठण्याला तिसरा डबा चढला. मागच्या डब्यावरच्या तापमापकाचा आकडा सर दर पाच मिनिटांनी वळून बघत होते. नमुने दोन ते आठ अंशांत राहायला हवे होते. सात. आठ. साडेनऊ. नागोठण्याच्या पुढे अकरा.

आणि गाडी? पंचेचाळीसच्या वेगाला, एसीविना, गाडी युनिटमागे बरोबर नऊ किलोमीटर देऊ लागली. वहीतला आकडा शंभर टक्के खरा होता. फक्त तो ह्या रस्त्याचा नव्हता, ह्या कामाचा नव्हता, ह्या उन्हाचा नव्हता. तो सकाळच्या गार हवेत बाजारहाट करणाऱ्या एका निवृत्त माणसाचा होता. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोजमाप चुकलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मोजलं नीटच होतं, पण भलतंच काही मोजलं होतं.

पेणला सहा टक्क्यांवर पोचले. चार्जर रिकामा मिळाला, पण पाऊण तास गेलाच. पनवेलला लॅबसमोर गाडी लागली तेव्हा पावणेचार वाजले होते.

कल्पेशने डबे उघडले. आतल्या पिशव्यांचं पाणी झालं होतं. त्याने एकेक नळी उजेडात धरली. आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं.

"त्रेसष्टातले एक्केचाळीस फुकट," तो शेवटी म्हणाला. "एक्केचाळीस माणसांना उद्या पुन्हा उपाशीपोटी बोलवायचं. पुन्हा टोचायचं. दमयंतीताई, अट एकच होती ना?"

दमयंती खाली बघत म्हणाली, "माजी चूक झाली."

सर दाराजवळ उभे होते. ह्या क्षणी गप्प राहिलं तर चूक तिच्या नावावर जाईल, हे त्यांना दिसत होतं. कोलाडलाही असंच काहीतरी दिसलं होतं आणि ते गप्प राहिले होते.

"तिची नाही," ते म्हणाले. "ती कोलाडला चार्ज करायला थांबत होती. मी नको म्हणालो. गाडी पुरणार नाही हे मला तिथेच कळलं होतं."

कल्पेशने नळी खाली ठेवली. "कळलं होतं?"

"हो."

"मग?"

दमयंतीने मान वर केली. ती रागावली असती तर सरांना सोसलं असतं. ती नुसती चकित झाली होती. भिंतीला हात लावून पाहावा आणि भिंत मऊ लागावी, तशी.

कल्पेशने डब्याचं झाकण लावलं. "उद्याचा एक दिवस," तो दमयंतीला म्हणाला. "उद्याही असंच झालं तर परवापासून व्हॅन."

गाडीत बसल्यावर दमयंती म्हणाली, "कोलाडला कळलं होतं तुमाला?"

"हो."

"मला वाटलं, मलाच समजत नाय." एवढंच बोलून तिने त्यांना घरी सोडलं.

रात्री सर जेवले नाहीत. मिरियमने ताट झाकून ठेवलं. "चुकलं तर चुकलं," ती म्हणाली. "सांगितलंत ना त्यांना?"

"एसीचा आकडा मी मनाने लिहिला, मिरियम. मोजलाच नव्हता."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी चहा घेऊन उभी होते. इतकी वर्षं संसार केला तुमच्याशी. तुमची मोजलेली वाक्यं वेगळी असतात."

पहाटे पाचला दमयंतीचा फोन आला. ती म्हणाली, "सर, मी जरा मांडलंय. ऐकता?"

ते ऐकत राहिले, वर्गात बसल्यासारखे.

"कालच्या चालीनं युनिटला साडेसहा धरते. नऊ नाय. शंभरापासून दहा टक्क्यांच्या खाली जायचंच नाय, म्हणजे वापरायला साडेएकवीस युनिट. त्यात एकशे चाळीस किलोमीटर. आपल्याला एकशे नव्वद पायजेत. म्हंजे पन्नास कमी. पन्नासाला आठ युनिट लागतात. ती आठ मी जातानाच कोलाडला भरणार. सकाळी तिथं कुत्रं नसतं. आणि येताना पेणचा चार्जर हाताशी ठेवते, अडलं तर. वेग पंच्याहत्तर. एसी चालू. बरोबर हाय?"

"बरोबर आहे," सर म्हणाले. आणि हे तरी खात्रीचं होतं म्हणून पुढे सांगितलं, "वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडसर चौपट होतो. म्हणून नव्वदवरून पंच्याहत्तरवर आलीस की फरक पडेल. पण त्याहून फार हळू जाऊन एसीची वीज वाचत नाही. एसी किलोमीटरवर खात नाही, तासावर खातो. जितका वेळ रस्त्यावर, तितका जास्त."

"हे आधी का नाय सांगितलं?"

"तेव्हा मी माझीच गाडी डोळ्यांसमोर ठेवून बोलत होतो. तुझी नाही."

"येताय ना?"

"येऊ?"

"या. कोलाडच्या माणसांना कुनीतरी सांगायला पायजे, परत का बोलावलंय ते."

कोलाडला पावणेनऊला पोचले. चार्जर खरोखरच रिकामा होता. दमयंतीने केबल लावली, बोनेटला टेकून मोबाइलवर टक्के बघत उभी राहिली. सर रस्ता ओलांडून केंद्रात गेले.

बाकावर अकरा माणसं बसली होती, सगळी उपाशी. कुणाची साखर बघायची, कुणाचं मूत्रपिंड. रक्त काढणारी मुलगी सगळ्यांना एकच सांगत होती, "तांत्रिक अडचण होती काल."

सर पुढे झाले. बाकासमोर उभे राहून म्हणाले, "अडचण तांत्रिक नव्हती. काल गाडीत मी होतो. गाडी पोचणार नाही हे कळूनही मी थांबू दिलं नाही, आणि तुमचं रक्त उन्हात खराब झालं. तुम्हाला पुन्हा यावं लागलं ते माझ्यामुळे."

एक माणूस घड्याळ बघत होता. मग कोपऱ्यातली एक म्हातारी, गोदू नाव तिचं, नऊवारीचा पदर सावरत म्हणाली, "म्हंजे तुमी मास्तर?"

"होतो."

"दिसतंच. उभं राहून बोलता." बाकावर दोघं-तिघं हसले. "काल दोनदा टोचली मला. शीर सापडत नाय माजी. आज आनखी दोनदा टोचंल. तुमचं काय गेलं?"

"काही नाही गेलं," सर म्हणाले.

"तेच तर."

तिची पाळी आली. मुलीने पट्टा बांधला, डाव्या कोपरावर बोट फिरवलं. तिथे कालचा डाग होता, जांभळाच्या रंगाचा. म्हातारीचा हात थरथरत होता आणि सुई दोनदा हुकली.

"आजोबा, जरा हात धरता का?" मुलगी म्हणाली. "हलला की सुटते शीर."

सर खाली बसले. त्यांनी दोन्ही हातांनी म्हातारीचं मनगट आणि कोपर धरलं. कातडी कागदासारखी सैल होती. सुई कालच्याच डागाजवळ आत गेली तेव्हा त्यांना डोळे मिटावेसे वाटले. त्यांनी ते मिटले नाहीत.

"बघू नका, चक्कर येईल तुमाला," गोदूच म्हणाली.

"बघतो," सर म्हणाले.

नळी भरली. मुलीने कापूस दाबला. गोदूने पदराच्या गाठीतून बिस्किटाचा पुडा काढला, एक तोंडात घातलं आणि पुडा त्यांच्यापुढे धरला. "घ्या. तुमीबी उपाशीच दिसता." त्यांनी घेतलं. ते गिळायला फार वेळ लागला.

बाहेर दमयंती हाक मारत होती. पंच्याऐंशी टक्के झाले होते.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नव्हता, आणि तसाच तो व्हायला हवा होता. पंच्याहत्तरचा वेग, एसी चोवीसवर, काचा बंद. डबा पाच अंश, साडेपाच. कर्नाळ्याच्या चढणीला दमयंतीने मीटर पाहिला आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली. लॅबसमोर पोचले तेव्हा दोन वाजायला वीस मिनिटं होती आणि बॅटरी सतरा टक्के.

कल्पेशने तापमापक वाचला. सहा. नळ्या मोजल्या. मग तो दमयंतीला म्हणाला, "उद्या सातला. आणि हे रोज करायचं, नुसतं परीक्षेपुरतं नाही."

"रोजच करणार," ती म्हणाली.

सर बाहेर पायरीवर उभे होते. दमयंती आली, घाम पुसला. तिचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता. सर म्हणाले, "उद्या मी पावणेसातला तयार राहतो. पावसाळ्यात आकडा बदलेल, तेव्हा..."

"सर, उद्या तुमी नका येऊ."

ते थांबले.

"रागानं नाय बोलत," ती म्हणाली. तिने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काल कोलाडला मला समोर दिसत होतं बावन्न टक्के. तरी मी निघाले. तुमी बाजूला असलात की मी मीटर नाय बघत सर, तुमच्या तोंडाकडं बघते."

सरांना काहीतरी बोलायचं होतं. शिकवायचं नव्हतं, नुसतं बोलायचं. पण तिचं म्हणणं तपासून पाहिलं तर त्यात कुठेच चूक नव्हती.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि रिक्षा बघायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.